एका तिकिटाची पडतळ

दुकानदाराला वस्तूची पडतळ तोंडपाठ असते. माल कितीला पडला, हमाली किती, दुकानाच्या भाड्यातला वाटा किती, हे कळल्याशिवाय तो भाव सांगत नाही. त्याच दुकानदाराला बिलिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला मात्र आपल्या सेवेची पडतळ बहुतेक वेळा माहीत नसते. सॉफ्टवेअर अडलं की दुकानदार फोन करतो, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो किंवा ईमेल लिहितो. आलेल्या प्रत्येक तक्रारीला एक क्रमांक मिळतो आणि ती सपोर्ट टीममधल्या कुणाच्या तरी नावावर पडते. या नोंदीला तिकीट म्हणतात. एक तिकीट सोडवायला कंपनीला किती रुपये पडतात, हे काढणं वरकरणी साध्या भागाकाराचं काम आहे. पण त्या भागाकारात वर काय घ्यायचं आणि खाली काय, यावर उत्तर दुपटीने बदलतं.

एक नमुन्याची टीम घेऊ. पुण्यातली चाळीसेक माणसांची कंपनी, छोट्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवणारी. सपोर्टला आठ जण आणि त्यांच्यावर एक टीम लीड. रकमा उदाहरणासाठी धरलेल्या आहेत, पण खर्चाची घडण अशा कंपन्यांत असते तशीच आहे. महिना मे महिन्याचा घेऊ, कारण दर महिन्याच्या अकरा तारखेपर्यंत आधीच्या महिन्याचं जीएसटीआर-१ आणि वीस तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरायचं असतं, आणि मे महिन्यात एप्रिलचं, म्हणजे नव्या आर्थिक वर्षातलं पहिलं विवरणपत्र जातं. सपोर्टच्या माणसांना हा महिना चांगलाच लक्षात राहतो.

आठ जणांचा पगार प्रत्येकी २४,००० रुपये. महिन्याभरात हेल्पडेस्कवर २,५०० तिकिटं नोंदली गेली. हिशेबनीस १,९२,००० भागिले २,५०० करतो आणि तिकिटामागे ७७ रुपये असं मालकाला सांगतो. मालकाला आकडा बरा वाटतो. हा आकडा तीन ठिकाणी चुकलेला आहे आणि तिन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत, म्हणजे खर्च कमी दाखवणाऱ्या.

पहिली चूक पगाराचीच. चोवीस हजार हा माणसाच्या पगारपत्रकावरचा आकडा झाला. कंपनीला तो माणूस त्याहून महाग पडतो. मूळ वेतन १२,००० धरलं तर कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये. त्यावर प्रशासकीय शुल्क आणि विमा मिळून आणखी एक टक्का, १२० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के बाजूला ठेवायचे. वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन आणि सव्वीस दिवसांचा महिना या नियमातून ही टक्केवारी येते. त्याचे झाले साधारण ५७७ रुपये. बोनस किमान ८.३३ टक्क्यांनी धरला तर महिन्याला हजार रुपये. सामूहिक आरोग्यविम्याच्या हप्त्याचे साडेचारशेच्या आसपास. एकूण जवळपास २७,६०० रुपये, आणि आठ जणांचे २,२०,८००.

इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. बोनस दिवाळीला दिला जातो, विम्याचा हप्ता वर्षातून एकदा जातो. पैसे ज्या महिन्यात खात्यातून गेले त्याच महिन्यावर ते टाकले, तर दिवाळीच्या महिन्यात तिकिटाची पडतळ उगाच फुगते आणि बाकीच्या महिन्यांत उगाच उतरते. वर्षाची रक्कम बाराने भागून दर महिन्याला तेवढी धरणं हाच मार्ग.

साधनांनाही हाच नियम लागतो. हेल्पडेस्क सॉफ्टवेअरचं भाडं माणशी दर महिन्याला असतं आणि ते टीम लीडच्या लॉगिनलाही लागतं. १,५०० च्या दराने नऊ जणांचे १३,५००. फोनची क्लाउड सेवा, रेकॉर्डिंगसकट, १२,०००. दुकानदाराचा संगणक आपल्या पडद्यावर उघडून बघायच्या साधनाचे ६,०००. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक संदेशांचे ३,२५०. लॅपटॉप ४५,००० चा आणि तीन वर्षं चालणारा धरला तर महिन्याला १,२५० रुपये, नऊ जणांचे ११,२५०. एकूण ४६,०००. कंपनीला जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत असेल तर या बिलांवरचा १८ टक्के कर यात धरायचा नाही, कारण तो परत वळता होतो. जागेचं भाडं आणि वीज मी मुद्दाम बाहेर ठेवली आहे. ती धरायलाही हरकत नाही, पण एकदा ठरवलं की दर महिन्याला तसंच करायचं. कधी आत, कधी बाहेर केलं तर दोन महिन्यांची तुलनाच करता येत नाही.

आता टीम लीड. हा या हिशेबातला सगळ्यांत निसटणारा खर्च आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलका. लीडचा पगार बहुतेक ठिकाणी ‘व्यवस्थापन’ या खात्यात जातो आणि तिकिटांच्या हिशेबात येतच नाही. काही ठिकाणी उलट टोक, म्हणजे तो पूर्णच्या पूर्ण सपोर्टवर टाकतात. दोन्ही अंदाजच. लीडचा वेळ खरोखर कुठे जातो हे बघायचं तर दोन आठवडे दर अर्ध्या तासाला एक शब्द लिहायला लावावा: चढवलेलं तिकीट, शिकवणं, तपासणी, वेळापत्रक, मीटिंग, विक्री. हे दोन आठवडे अकरा ते वीस तारीख पोटात घेणारे असावेत, नाहीतर निवांत दिवसांचंच चित्र हाती येतं. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंदही उपयोगाची नाही. संध्याकाळी मोठ्या गोष्टी तेवढ्या आठवतात, आणि दिवसभरात वीस वेळा कुणीतरी खुर्ची मागे सरकवून “जरा हे बघता का?” म्हणालं, त्या पाच-पाच मिनिटांची नोंद राहून जाते. लीडचा दीड तासाहून जास्त वेळ त्यातच गेलेला असतो.

आपल्या टीममध्ये नोंदीतून असं निघालं असं धरू: ४० टक्के वेळ हाताखालच्यांना न सुटलेली, वर चढवलेली तिकिटं हाताळण्यात; ३५ टक्के वेळ शिकवणं, तिकिटांची तपासणी आणि पाळ्या लावण्यात; उरलेले २५ टक्के विक्रीवाल्यांसोबत डेमो आणि प्रॉडक्टच्या बैठकांत. लीड कंपनीला महिना ६२,००० ला पडते. पाव भाग विक्री आणि प्रॉडक्टचा. तो सोडून ४६,५०० रुपये सपोर्टचे.

पगार २,२०,८००, साधनं ४६,०००, लीडचा वेळ ४६,५००. एकूण ३,१३,३००. सुरुवातीच्या १,९२,००० वरून आपण इथवर आलो.

आता भागाकाराचा खालचा आकडा. हेल्पडेस्कवर २,५०० नोंदी दिसतात म्हणून २,५०० तक्रारी आल्या असं होत नाही. त्यात १९० निघाल्या जाहिरातींचे ईमेल, आपोआप आलेली ‘मी रजेवर आहे’ उत्तरं आणि बंद तिकिटावर ग्राहकाने पाठवलेलं ‘धन्यवाद’, ज्याने नवं तिकीट उघडलं. १६० वेळा एकाच दुकानदाराने आधी फोन केला, मग थांबवेना म्हणून व्हॉट्सॲप केलं आणि एकाच अडचणीची दोन तिकिटं झाली. आणि १५० तिकिटं अशी, की आधीची तक्रार ‘सुटली’ म्हणून बंद केली होती, पण ती सुटली नव्हती. दुकानदार परत आला आणि नव्या क्रमांकाने नोंदला गेला. उरल्या २,००० खऱ्या तक्रारी. ३,१३,३०० भागिले २,००० केलं की १५७ रुपये येतात.

७७ आणि १५७ यांच्यातला हा फरक निव्वळ हिशेबाचा नाही. या शेवटच्या १५० तिकिटांचं पाहा. काम नीट न करता तिकीट घाईने बंद केलं, तर दुकानदार परत येतो, तिकिटांची संख्या वाढते आणि तिकिटामागचा खर्च कमी दिसतो. जी टीम वाईट काम करते ती या भागाकारात स्वस्त दिसते. म्हणून एकच अडचण घेऊन सात दिवसांत परत आलेला ग्राहक जुन्या तिकिटातच मोजावा. हे मोजलं जात नसेल तर १५७ आला काय किंवा ७७ आला काय, त्यावरून काहीही ठरवू नये.

आणखी एक ठिकाण असं आहे जिथे खर्च लपतो. लीड स्वतःच तिकिटं सोडवत असेल, तर ती तिकिटं भागाकारात खाली येतात आणि तिचा पगार वर येत नाही. टीम स्वस्त दिसते. हे ओळखायची खूण सोपी आहे: लीड आठवडाभर रजेवर गेली की उघड्या तिकिटांचा ढीग किती वाढतो ते बघावं. ढीग झपाट्याने वाढला तर ती देखरेख करत नव्हती, नववी सपोर्ट एक्झिक्युटिव्ह म्हणून राबत होती. तिचं शिकवण्याचं आणि तपासायचं काम मग कुणीच करत नव्हतं, आणि ती १५० परत आलेली तिकिटं बहुधा त्यातूनच जन्मली.

१५७ हा आकडा आता प्रामाणिक आहे, पण तो सरासरी आहे, आणि सपोर्टमध्ये सरासरीइतक्या खर्चाचं तिकीट क्वचितच असतं. आपली दोन हजार तिकिटं वेळेनुसार लावून बघू. १,२०० सोपी: पासवर्ड विसरला, प्रिंटर बिल आडवं छापतो, लोगो कुठे टाकायचा. सरासरी १२ मिनिटं. ६०० मध्यम: विवरणपत्रातली बेरीज जुळत नाही, साठा उणे दाखवतोय. ३५ मिनिटं. आणि २०० अवघड, ज्यांना ११० मिनिटं लागतात आणि जी बहुतेक सगळी लीडपर्यंत जातात. सगळ्यांचे मिळून साधारण ९५७ तास होतात. आठ जण, रजा वजा जाता बावीस दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे पगार दिलेले तास १,४०८. तिकिटांवर प्रत्यक्ष गेलेला वेळ ६८ टक्के.

आता खर्च मिनिटांवर वाटू. आठ जणांचा पगार, साधनं आणि लीडच्या वेळेतला शिकवण्या-तपासण्याचा भाग मिळून २,८८,५०० रुपये. ९५७ तासांवर वाटले की मिनिटाला जवळपास पाच रुपये पडतात. लीडचा चढवलेल्या तिकिटांवर गेलेला वेळ, २४,८०० रुपये, फक्त त्या २०० अवघड तिकिटांवर टाकायचा. मग सोपं तिकीट पडतं ६० रुपयांना, मध्यम १७६ ला आणि अवघड ६७७ ला. म्हणजे दहातलं एक तिकीट अवघड, पण एकूण खर्चातले ४३ टक्के त्या एकावर.

असं एक अवघड तिकीट जवळून बघू. इचलकरंजीचा कापडवाला, मे महिन्याची अकरा तारीख, दुपार.

“अहो मॅडम, आज शेवटची तारीख. पोर्टल माझी फाइलच घेईना. सगळी बिलं लाल दाखवतंय.”

“सर, तुमचा पडदा मला दिसू द्या. एप्रिलपासून बिलाच्या क्रमांकात काही बदल केलात का?”

“नवीन वर्षाचा नंबर टाकलाय ना. दुकानाचं नाव, साल आणि बिल नंबर.”

पडद्यावर क्रमांक दिसतो: `BALAJI/2025-26/0112`. एकोणीस अक्षरं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच त्यात असू शकतं. व्यापाऱ्याने एक एप्रिलला नवी मालिका सुरू केली, सॉफ्टवेअरने ती बिनतक्रार स्वीकारली, आणि दीड महिन्याने, शेवटच्या दिवशी, पोर्टलने ती नाकारली. कारण सापडायला वीस मिनिटं लागली. पण खरी अडचण त्यानंतरची: ही बिलं गिऱ्हाइकांच्या हातात गेलेली आहेत, क्रमांक परस्पर बदलायचे कसे? एक्झिक्युटिव्हने लीडला बोलावलं, लीडने व्यापाऱ्याच्या कर सल्लागाराला फोनवर घेतलं, सल्लागाराने काय करायचं ते ठरवलं, मग सगळ्या बिलांत ते करून फाइल पुन्हा बनवली. वेळ पावणेदोन तासांच्या वर. खर्च ६७७ रुपये, आणि ही तक्रार एकट्या इचलकरंजीची नव्हती. त्या महिन्यात अशी तीस तिकिटं आली असं धरलं, तर त्यांचे झाले वीस हजारांच्या वर.

उपाय सेटिंगच्या पडद्यावर आहे. क्रमांकाची नवी मालिका लिहितानाच अक्षरं मोजून “हा क्रमांक सोळा अक्षरांत बसत नाही” असं सांगायचं. डेव्हलपरचे दोन दिवस, चाचणीसकट आठ-नऊ हजार रुपये धरा. सरासरी १५७ एवढाच आकडा समोर असता, तर तीस तिकिटं म्हणजे पाचेक हजारांची बाब वाटली असती आणि डेव्हलपरच्या यादीत ती तळाशी गेली असती. अवघड तिकिटाचा खरा भाव दिसला म्हणून ती वर येते. सपोर्टच्या पडतळीचा खरा उपयोग मला तरी इथेच दिसतो: कुठला दोष आधी दुरुस्त करायचा हे ठरवायला.

मात्र ते वीस हजार रोख वाचले असं मालकाला कुणी सांगू नये. पगार महिन्याचा आहे; तिकिटं कमी आली म्हणून कुणाचा पगार कमी होत नाही. वाचतात ते तास: तीस तिकिटांचे पंचावन्न, शिवाय लीडचे दहाएक. ते तास परत आलेल्या तक्रारी नीट सोडवायला वापरता येतात किंवा नववा माणूस घेणं सहा महिने पुढे ढकलता येतं. यांपैकी काहीतरी ठरवलं गेलं तरच बचत प्रत्यक्षात येते.

या आकड्याचा सगळ्यांत मोठा धोका तेव्हा दिसतो, जेव्हा टीम चांगलं काम करते. समजा, पासवर्ड आणि प्रिंटरसाठी सॉफ्टवेअरमध्येच छोटे व्हिडिओ टाकले आणि सहाशे सोपी तिकिटं बंद झाली. दुकानदार खूश, टीमचे १२० तास मोकळे. पण खर्च जवळपास तेवढाच आणि तिकिटं उरली १,४००, म्हणून तिकिटामागचा खर्च १५७ वरून २२४ वर जातो. फक्त हा एक आकडा बघणारा मालक म्हणेल, सपोर्ट महाग झाला. उलट विवरणपत्रांच्या गर्दीत २,६०० खऱ्या तक्रारी आल्या आणि तीच माणसं असली, तर आकडा १२० वर उतरतो. दुकानदार ज्या महिन्यात सगळ्यांत जास्त वेळ ताटकळले तोच महिना कागदावर सगळ्यांत स्वस्त. म्हणून तीन महिन्यांची सरासरी घ्यावी आणि शेजारी दुसरा आकडा ठेवावा: ग्राहकामागे सपोर्टचा खर्च. कंपनीचे ४,००० ग्राहक असतील तर तो महिना ७८ रुपये. सोपी तिकिटं घटली तरी हा आकडा उसळत नाही, कारण ग्राहक तेवढेच आहेत. ग्राहकाकडून महिन्याला पाचशे रुपये येत असतील, तर त्यातले ७८ सपोर्टमध्ये जातात, हे मालकाला भाव ठरवताना कामी येतं.

राहता राहिला तो ६८ टक्क्यांचा प्रश्न. मालक विचारतो, उरलेल्या ३२ टक्के वेळात माणसं काय करतात? त्यात चहा आहे, प्रशिक्षण आहे, सकाळची बैठक आहे, आणि फोनची वाट बघणंही आहे. ते वाट बघणं फुकट नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आगनर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये फोनच्या येण्याचं गणित मांडलं, आणि रांगांचं शास्त्र तिथून वाढलं. त्यातला एक सोपा निष्कर्ष असा: तक्रारी वेळापत्रक न पाळता येत असतील आणि सोडवणारा एकच असेल, तर तो ८० टक्के वेळ गुंतलेला असताना ग्राहकाला एका तक्रारीला लागणाऱ्या वेळेच्या साधारण चौपट थांबावं लागतं, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. आठ जण मिळून एकच रांग सोडवत असतील तर थांबणं बरंच कमी होतं, पण शेवटच्या टप्प्यातला चढ तसाच राहतो. आठांचे सहा जण करून खर्च कमी करू बघणाऱ्या कंपनीत तेच ९५७ तास १,०५६ तासांत बसवावे लागतात, म्हणजे ९१ टक्के. महिन्याच्या सरासरीत ते बसतात. अकरा तारखेला बसत नाहीत, कारण त्या दिवशी रोजच्या दुप्पट फोन असतात. मग दुकानदार फोन करतो, थांबतो, व्हॉट्सॲप करतो, ईमेल करतो. एका अडचणीची तीन तिकिटं होतात. एक्झिक्युटिव्ह घाईने बंद करतात, ती परत येतात. दोन माणसांचे पंचावन्न हजार वाचतात खरे, पण लीड पूर्ण वेळ फोनवर जाते, आणि कागदावर तिकिटं वाढल्यामुळे तिकिटामागचा खर्च पूर्वीपेक्षा कमी दिसू लागतो. त्या महिन्यात सोडून गेलेले ग्राहक या भागाकारात वरही नसतात आणि खालीही नसतात. ते पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाच्या यादीत शोधावे लागतात.